पोकळ फळ्यांचा मजला आणि मधल्या फटींचं काम

क्रेन काँक्रीटच्या लांबलचक फळ्या उचलते आणि तुळयांवर एकीला लागून एक अशा मांडत जाते, असे व्हिडिओ सध्या खूप फिरतात. खाली ‘एका दिवसात मजला तयार’ असं लिहिलेलं असतं. त्यावर हमखास कुणीतरी विचारतं, “आतून पोकळ आहे, भार कसा पेलणार?” शंका आणि जाहिरात, दोन्ही फळीकडेच बघतात. खरी गंमत मात्र दोन फळ्यांमधल्या फटीत आहे.

आधी शंकेचं बघू. होलो कोअर फळी साधारण १२०० मिलिमीटर रुंद असते. आपल्या उदाहरणातली फळी २०० मिलिमीटर जाड आणि ८ मीटर लांब आहे, आणि तिच्यात १५० मिलिमीटर व्यासाच्या सहा गोल नळ्या आरपार जातात असं धरू. या नळ्यांमुळे काँक्रीट ४४ टक्क्यांनी कमी होतं, पण वाकण्याला होणारा विरोध हिशेबाने फक्त १९ टक्के घटतो. कारण फळी वाकते तेव्हा सगळ्यात जास्त दाब वरच्या थराला आणि सगळ्यात जास्त ताण खालच्या थराला सोसावा लागतो; मधला भाग जवळपास आरामात असतो. नळ्या नेमक्या त्या आरामातल्या भागातून जातात. भरीव फळी पावणेपाच टनांच्या आसपास भरली असती, ही पावणेतीन टनांच्या आत राहते.

ताण पेलायला खालच्या बाजूला पोलादी केबल असतात. कारखान्यात शंभर मीटरहून लांब पाटावर त्या आधी ताणतात, त्यांच्याभोवती यंत्राने कोरडसर काँक्रीट ओततात, आणि ते घट्ट झाल्यावर ताण सोडून फळ्या करवतीने कापतात. सुटलेली केबल आखडू बघते आणि काँक्रीटचा तळ दाबून धरते, म्हणून फळी मधोमध थोडी वर उचलली जाते. हा उठाव पुढे कामाचा आहे.

अशा फळीत आडवी सळई नसते. समजा ओळीतल्या एकाच फळीवर भरलेलं जड कपाट ठेवलं. फळ्या सुट्या असतील तर ती एकटीच वाकेल, शेजारणी जागच्या जागी राहतील आणि फरशीत पायरी पडेल. ते टाळायला फळीच्या दोन्ही कडांना जाडीच्या मध्यावर खाच ठेवलेली असते. दोन फळ्या तळाशी एकमेकींना जवळपास टेकतात, वर साधारण ३०-४० मिलिमीटरची फट उरते, आणि खाचांमुळे तिचं पोट फुगलेलं असतं. या फटीत बारीक खडीचं पातळसर काँक्रीट भरतात. त्याला साइटवर ग्राउट म्हणतात. ते घट्ट झालं की दोन खाचांमध्ये अडकलेली दगडी किल्ली तयार होते. कपाटाची फळी खाली जाऊ लागली की किल्लीचा खांदा शेजारच्या फळीच्या खाचेवर दाबतो आणि तिलाही खाली ओढतो. ती पुढचीला ओढते. भार चार-पाच फळ्यांमध्ये वाटला जातो.

आता हे बारकाईने बघा. किल्लीचा खांदा तिरका असल्यामुळे दाबही तिरका लागतो. त्याचा उभा भाग भार पुढे नेतो, आडवा भाग मात्र पाचरीसारखा दोन्ही फळ्यांना एकमेकींपासून दूर ढकलतो. फळ्या केसभर जरी सरकल्या तरी किल्ली सैल पडते. म्हणून ग्राउट कितीही चांगलं असलं तरी एकट्याने पुरत नाही. सगळ्या फळ्यांना बाहेरून कुणीतरी आवळून धरावं लागतं. ते काम मजल्याच्या चारही कडांनी, अखंड सळया टाकून ओतलेल्या पट्ट्याचं. शिवाय तुळईवर समोरासमोर आलेल्या फळ्यांच्या फटींत सळया ठेवतात. फळीच्या टोकाशी एखाद-दोन नळ्यांचं छत कापून तिथेही सळई घालतात आणि काँक्रीट भरतात. नळीत पुढे बूच लावलेलं असतं, नाहीतर काँक्रीट आतच वाहत जातं.

ही बांधणी का लागते ते लंडनच्या रोनन पॉइंटने दाखवलं. प्रीकास्ट, म्हणजे आधीच ओतून आणलेल्या पॅनेलच्या त्या २२ मजली इमारतीत १६ मे १९६८ रोजी अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला. कोपऱ्यातली भिंत बाहेर फेकली गेली, वरचे मजले खाली आले आणि त्यांच्या माऱ्याने इमारतीचा तो सगळा कोपराच ढासळला. चार माणसं गेली. सांधे मुख्यतः वजन आणि घर्षणावर टिकून होते. त्यानंतर अशा मजल्यांना सळयांनी बांधणं ब्रिटनच्या नियमांत आलं.

फट भरण्याआधी ती हवेच्या झोताने साफ करून ओली करावी लागते. कोरड्या कडा ग्राउटमधलं पाणी शोषून घेतात आणि किल्ली कडेपासून सुटते. शेजारच्या फळ्यांचा उठाव कमी-जास्त असेल तर क्लॅम्पने त्या आधीच एका पातळीत आणतात. मग ग्राउट सळईने टोचत भरायचं. खालून बघितलं तर बरंच कळतं: फटीतून सिमेंटचं पाणी बाहेर आलं असेल तर तिथे फक्त वाळू-खडी उरली आहे. ग्राउट ठरलेल्या ताकदीला येईपर्यंत त्या फळ्यांवर विटांची थप्पी लावायची नाही. ‘एका दिवसात मजला’ ही जाहिरात इथेच खोटी पडते. एका दिवसात फळ्या मांडून होतात, मजला नंतर होतो.

नंतर येतं टॉपिंग, म्हणजे वर ओतलेला काँक्रीटचा थर. तो किमान ५० मिलिमीटरचा धरू. आपल्या फळीला मध्यावर २४ मिलिमीटर उठाव आहे. फरशी सपाट हवी असेल तर मध्यावर ५० आणि टोकांना ७४ मिलिमीटर जाडी लागेल. उठावाचा आकार परवलयासारखा असतो, म्हणून सरासरी वाढ त्याच्या तिसऱ्या हिश्शाची, ८ मिलिमीटर. एका फळीमागे सुमारे ७७ लिटर जादा काँक्रीट. हा हिशेब आधी केला नाही तर मालाची गाडी संपते, आणि मग मध्यावरची जाडी ३० मिलिमीटरवर आणून काम भागवलं जातं.

थरात तारांची जाळी असते. ६ मिलिमीटर तारेच्या जाळीची जाडी उभी-आडवी मिळून १२ मिलिमीटर. चार जाळ्यांचे कोपरे एकाच जागी आले तर ४८ मिलिमीटरची चळत होते, आणि थर ५० चा! तिथे तार उघडी पडते. म्हणून जाळ्या विटांच्या थरासारख्या सरकवून टाकायच्या. टॉपिंग आणि फळी एकजीव वाकायला हव्यात, त्यासाठी फळीचा माथा खरखरीत, धुळीविना आणि ओलसर हवा. साचलेलं पाणी चालत नाही. त्याने सांध्याच्याच पातळीवर काँक्रीट पातळ होतं.

भूकंपप्रवण भागात मात्र जपायला हवं. हादऱ्यात तुळया तडकून किंचित लांबतात आणि वळतात. टेकूवर बसलेलं फळीचं टोक ७५ मिलिमीटरच्या आसपास असेल, तर ते निसटू शकतं. टोक फार घट्ट जखडलं तर वळणाऱ्या तुळईबरोबर तेही वळतं आणि नळ्यांमधल्या ४०-४५ मिलिमीटरच्या भिंती फुटतात, कारण त्यांत सळई नाही. न्यूझीलंडमध्ये कँटरबरी विद्यापीठाने पूर्ण आकाराचा असा मजला हलवून बघितला आणि तो कोसळला. तेव्हापासून तिथे टेकू रुंद ठेवतात, टोकाखाली घर्षण कमी करणारी पट्टी घालतात आणि तुळईला समांतर असलेली पहिली फळी तिच्यापासून दूर ठेवून मधली जागा साध्या स्लॅबने भरतात.