मोबाईल अ‍ॅपच्या डेमो व्हिडिओची संहिता

अ‍ॅप कसे वापरायचे हे दाखवणाऱ्या छोट्या व्हिडिओसाठी चित्रीकरणाआधी लिहिलेला आराखडा. यात निवेदकाने काय बोलायचे, पडद्यावर कोणता मजकूर उमटायचा आणि त्या क्षणी फोनवर बोट कुठे टेकायचे, या तिन्ही गोष्टी एकाच ओळीत शेजारीशेजारी लिहितात. त्यामुळे ती बहुधा तक्त्याच्या रूपात असते: शॉट क्रमांक, वेळ, स्क्रीन रेकॉर्डिंगची सूचना, निवेदन, पडद्यावरचा मजकूर.

नवखा लेखक आधी निवेदन लिहितो आणि चित्र त्याच्यामागे ओढत नेतो. खरे तर वेळ ठरवते ती स्क्रीन. म्हणून लिहिण्याआधी अ‍ॅपमधली ती कृती एकदा कच्ची रेकॉर्ड करून सेकंद मोजून घ्यावेत. औषधाची आठवण करून देणाऱ्या एका काल्पनिक अ‍ॅपचा शॉट घेऊ. अधिकच्या चिन्हावर टॅप १ सेकंद, औषधाचे नाव टाइप करणे ६, वेळेचे चक्र फिरवणे ४, सेव्ह १ आणि यादी उघडेपर्यंत २, असे १४ सेकंद झाले. निवेदन आहे, ‘औषधाचं नाव आणि वेळ टाका, बाकी आठवण ठेवायचं काम अ‍ॅपचं.’ हे दहा शब्द सावकाश बोलले तरी पाच सेकंदांत संपतात. उरलेले नऊ सेकंद प्रेक्षक मुकाट्याने कुणाचे तरी टायपिंग बघणार. अशा वेळी निवेदनात पाणी घालण्यापेक्षा चित्राला कात्री लावावी:

```
शॉट ४ | ०:११ ते ०:१८
स्क्रीन: अधिकच्या चिन्हावर टॅप. नावाची पहिली दोन अक्षरे
         टाइप, कट, पूर्ण नाव दिसते. चक्र थेट रात्री ९ वर.
         सेव्ह. यादीवर दीड सेकंद थांबा.
निवेदन:  औषधाचं नाव आणि वेळ टाका,
         बाकी आठवण ठेवायचं काम अ‍ॅपचं.
मजकूर:   रोज रात्री ९ वाजता आठवण (वरच्या भागात)
```

टायपिंग दीड सेकंदावर आले, चक्र दोनवर. शॉट सात सेकंदांत बसला. शेवटी यादीवर थांबण्याची सूचना घाईत गाळली जाते. पण काम झाल्याचे प्रेक्षकाला तिथेच कळते, आणि संकलकाला कापायला जागाही तिथेच मिळते.

‘वरच्या भागात’ हे शब्द उगाच नाहीत. टाइप करताना कीबोर्ड स्क्रीनचा खालचा मोठा भाग व्यापतो. मजकुराची पट्टी सवयीने खाली ठेवली, तर ती त्याच्यावर येते आणि दोन्ही वाचता येत नाहीत. शिवाय अ‍ॅपच्या स्क्रीनवर स्वतःची अक्षरे असतातच, म्हणून एका वेळी चार-पाच शब्दांची एकच ओळ पुरे. तिने निवेदन जसेच्या तसे पुन्हा सांगू नये, पण आवाज बंद असला तरी अर्थ पोचवावा. अ‍ॅप स्टोअरवरची प्रीव्ह्यू, जिची लांबी १५ ते ३० सेकंद असावी लागते, आपोआप सुरू होते तेव्हा मूकच असते.

बटणाचे नाव किंवा जागा निवेदनात घालू नये, असा एक व्यवहारी संकेत आहे. ‘उजवीकडचं निळं बटण दाबा’ असे बोलून ठेवले आणि पुढच्या आवृत्तीत बटण खाली सरकले, की निवेदकाला पुन्हा बोलवावे लागते. हेतू निवेदनाने सांगावा, बटण स्क्रीननेच दाखवावे. मग डिझाइन बदलले तरी शॉट ४ तेवढा नव्याने रेकॉर्ड करून भागते.

रेकॉर्डिंगच्या सूचनांत फोनची अवस्थाही लिहितात: नमुना खाते, नोटिफिकेशन बंद, बॅटरी भरलेली. आयफोनच्या रेकॉर्डिंगमध्ये बोटाचा स्पर्श दिसत नाही, त्यामुळे टॅपचे वर्तुळ संकलनात घालायचे हे संहितेत नोंदवावे लागते. अँड्रॉइडमध्ये डेव्हलपर पर्यायांत स्पर्श दाखवण्याची सोय आहे. सगळ्यात जास्त फसगत करते ते वरच्या पट्टीतले घड्याळ. शॉट वेगवेगळ्या वेळी घेतले की एका शॉटमध्ये १०:१२ आणि पुढच्यात ९:४७ दिसते. वरच्या उदाहरणात तर रात्री ९ ची आठवण वाजताना घड्याळात दुपार असली, तर अ‍ॅपच चुकल्यासारखे वाटेल. अँड्रॉइडच्या डेमो मोडमध्ये दाखवायची वेळ पक्की करता येते:

```
adb shell settings put global sysui_demo_allowed 1
adb shell am broadcast -a com.android.systemui.demo -e command enter
adb shell am broadcast -a com.android.systemui.demo -e command clock -e hhmm 2100
```

यात बदलते ते फक्त पट्टीवरचे घड्याळ, फोनची खरी वेळ नाही. त्यामुळे आठवण आपोआप वाजणार नाही. म्हणून त्या शॉटपुरती अ‍ॅपमधली आठवण दोन मिनिटांनंतरची लावून ठेवतात. नोटिफिकेशन बंद ठेवण्याच्या नियमाला हा एकच शॉट अपवाद असतो, आणि तो संहितेत ठळक लिहिलेला नसला की रेकॉर्ड करणारा आठवण वाजण्याची वाट बघत बसतो.