जाताना गमावलेला वेळ येताना का भरून निघत नाही?

एक विमान ३६०० किलोमीटर दूरच्या शहरात जातं आणि त्याच वाटेनं परत येतं. त्याचा हवेतला वेग ताशी ९०० किलोमीटर आहे. वारा अजिबात नसेल तर जायला चार तास, यायला चार तास, एकूण आठ. आता वाटेत ताशी ३०० किलोमीटरचा वारा आहे असं धरू, जाताना समोरून आणि येताना पाठीमागून. एकीकडे गेलं ते दुसरीकडे मिळेल, म्हणजे प्रवास आठ तासांचाच, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात मात्र नऊ तास लागतात.

याचं कारण शोधायचं तर विमानाचे दोन वेग वेगळे ओळखावे लागतात. विमान ज्या हवेतून उडतं ती हवाच सरकत असते, आणि विमान तिच्यासोबत वाहत जातं. पंखांना आणि इंजिनांना फक्त भोवतालची हवा किती वेगानं येऊन भिडते तेवढंच कळतं. तो हवेतला वेग. खालच्या जमिनीच्या हिशोबानं विमान किती पुढं सरकलं, तो जमिनीसापेक्ष वेग. पाठचा वारा त्यात भर घालतो, समोरचा वजा होतो. प्रवाशाच्या समोरच्या पडद्यावर सहसा हाच दुसरा वेग दिसतो.

फेब्रुवारी २०२० मध्ये ब्रिटिश एअरवेजचं एक बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं. अटलांटिकवरचा जेट प्रवाह, म्हणजे दहा-बारा किलोमीटर उंचीवरचा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वेगवान वारा, त्या दिवशी विलक्षण जोरात होता. विमानाचा जमिनीसापेक्ष वेग ताशी १३०० किलोमीटरच्या पुढं गेला. त्या उंचीवर ध्वनीचा वेग ताशी साधारण १०६० किलोमीटर असतो, तरीही या विमानानं ध्वनीची मर्यादा ओलांडली नव्हती. ती मर्यादा भोवतालच्या हवेच्या तुलनेत मोजतात, आणि त्या हवेत ते नेहमीच्याच वेगानं उडत होतं.

आता आपल्या उदाहरणाकडे वळू. जाताना जमिनीसापेक्ष वेग ६००, म्हणून सहा तास. येताना १२००, म्हणून तीन तास. वेगातली घट आणि वाढ सारखीच, ३०० ची. पण समोरचा वारा विमानाला सहा तास मागं रेटतो आणि पाठचा वारा जेमतेम तीन तास पुढं ढकलतो. विमान मदतीच्या वाऱ्यात कमी वेळ असतं, कारण ती मदतच त्याला लवकर पोहोचवते. वारा ताशी १०० असता तर येण्या-जाण्यात फक्त सहा मिनिटं जादा गेली असती. वारा तिप्पट झाल्यावर नुकसान दहापट होतं, हे मला या गणितातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. म्हणून लांबच्या उड्डाणाचा मार्ग आखताना पूर्वेकडे जाणारी विमानं जेट प्रवाह गाठतात आणि पश्चिमेकडची तो टाळतात, भले त्यासाठी थोडा वळसा पडो.

(चढण्या-उतरण्याचा वेळ मी इथं सोडून दिला आहे. शिवाय वारा क्वचितच अगदी नाकासमोरून येतो. तो तिरका असेल तर त्याचा वाटेच्या दिशेतला भाग मुख्यतः मोजायचा.)

हाच असमतोल समुद्रावर आणखी एका निर्णयात दिसतो. अर्ध्या वाटेवर एखादी अडचण आली, तर पुढं जायचं की मागं फिरायचं? अंतर सारखं असलं तरी वेळ सारखा नसतो. आपल्या जाणाऱ्या विमानाला १८०० किलोमीटरवरून पुढं जायला तीन तास लागतील, मागं फिरायला मात्र दीड. दोन्हीकडे सारखाच वेळ लागणारी जागा २४०० किलोमीटरवर आहे. तिथून मागं २४०० किलोमीटर ताशी १२०० च्या वेगानं, पुढं १२०० किलोमीटर ताशी ६०० च्या वेगानं, दोन्हीकडे दोन तास. म्हणजे समोरचा वारा ही जागा मुक्कामाकडे सरकवतो, आणि पाठचा वारा निघालेल्या ठिकाणाकडे. वैमानिक उड्डाणाआधीच ती काढून ठेवतात. एक इंजिन बंद पडलं तर विमानाला खाली यावं लागतं, तिथं वेगही कमी आणि वाराही वेगळा, म्हणून त्या प्रसंगाची जागा स्वतंत्रपणे काढावी लागते.

हे सगळं वाऱ्याच्या अंदाजावर उभं असतं, आणि अंदाज चुकू शकतो. ते ओळखायला वाटेवर ठरलेले बिंदू असतात. प्रत्येक बिंदूवर पोहोचण्याची वेळ आणि उरलेलं इंधन वैमानिक आराखड्याशी ताडून पाहतात. प्रत्येक बिंदूला एक-दोन मिनिटं उशीर साचत चालला आणि इंधनही ठरल्यापेक्षा कमी उरत गेलं, तर समोरचा वारा अंदाजापेक्षा जोरात आहे असा संशय घ्यायचा. मग उंची बदलून सौम्य वारा मिळतो का ते पाहायचं, आणि ती सारख्या वेळेची जागा नव्यानं काढायची.