एसओपीतला 'मला हेच का शिकायचंय' हा पॅराग्राफ : मशीन लर्निंग आणि पब्लिक हेल्थला अप्लाय करणाऱ्यांसाठी

अर्जांचा सीझन सुरू झाला की आमच्याकडे एसओपीच्या, म्हणजे स्टेटमेंट ऑफ पर्पजच्या, ड्राफ्टचा पाऊस पडतो, आणि मशीन लर्निंग फॉर पब्लिक हेल्थवाल्यांचा हा पॅराग्राफ बहुतेक वेळा एकाच वाक्याने सुरू होतो, 'कोविडच्या काळात मला जाणवलं की डेटा जीव वाचवू शकतो.' खोटं नाहीये ते, पण वाचणाऱ्याला त्यातून तुमच्याबद्दल काहीच कळत नाही, कारण कोविड सगळ्यांनीच पाहिला. दुसरं वाक्य असतं, 'मी छातीच्या एक्स-रेवरून टीबी ओळखणारं मॉडेल बनवलं, अ‍ॅक्युरसी 98 टक्के.' इथे मात्र वाचणारा थांबतो, आणि कौतुकाने नाही, त्याला शंका येते म्हणून.

शंका का, ते आधी समजून घ्या, पॅराग्राफचं सगळं सामान तिथेच आहे.

टीबी एक्स-रेचे दोन जुने फुकट डेटासेट कॉलेज प्रोजेक्टमध्ये खूप चालतात. एक चीनच्या शेनझेनचा, 662 एक्स-रे, त्यात 336 टीबीचे. दुसरा अमेरिकेतल्या माँटगोमेरी काउंटीचा, 138 एक्स-रे, त्यात 58 टीबीचे. म्हणजे जवळजवळ निम्मे फोटो आजारी माणसांचे. आता गावात स्क्रीनिंग कॅम्प लावला तर रांगेतली निम्मी माणसं टीबीची असतात का हो? नाही ना. मग एक हिशोब करून बघा. समजा मॉडेल शंभर टीबी पेशंटमधले 90 पकडतं आणि शंभर धडधाकट माणसांतल्या 70 जणांना बरोबर 'ठीक आहे' म्हणतं. डेटासेटमध्ये 100 आजारी आणि 100 ठीक असतील तर मॉडेल 120 जणांवर बोट ठेवेल, त्यातले 90 खरंच आजारी, म्हणजे चारातले तीन बरोबर, छान वाटतं. आता तेच मॉडेल, एक आकडा न बदलता, 1000 जणांच्या कॅम्पला न्या जिथे टीबी फक्त 10 जणांना आहे. नऊ सापडतील, एक सुटेल, आणि उरलेल्या 990 पैकी 297 जणांना उगाच 'संशयित' म्हटलं जाईल. एकूण 306 लोकांची थुंकी तपासायची, त्यातून नऊ पेशंट. म्हणजे एका पेशंटमागे 34 सीबीनॅट किंवा ट्रूनॅट टेस्ट (ट्रूनॅट आपल्या गोव्यातल्या कंपनीचं आहे, ही जाता जाता माहिती), आणि त्या 297 जणांपैकी कुणी त्या दिवसाची मजुरी बुडवून आलेलं असेल. आणि गंमत म्हणजे 'कुणालाच टीबी नाही' असं डोळे मिटून सांगणाऱ्या मॉडेलची अ‍ॅक्युरसी इथे 99 टक्के येते! म्हणून नुसती अ‍ॅक्युरसी लिहिली की वाचणारा समजून जातो, याने पब्लिक हेल्थचा विचार अजून केलेला नाही.

दुसरी भानगड आणखी लबाड. टीबीचे फोटो एका ठिकाणचे आणि नॉर्मल फोटो दुसऱ्या ठिकाणचे असा मिसळलेला डेटा घेतला की मॉडेल आजार शिकतच नाही, फोटो कुठून आला तेवढं शिकतं. 2018 मध्ये अमेरिकेत न्यूमोनियाच्या एक्स-रेवर एक अभ्यास आला, त्यात मॉडेलला फोटो कुठल्या हॉस्पिटलचा आहे हे ओळखायला यायला लागलं होतं, आणि डावं-उजवं कळावं म्हणून टेक्निशियन कोपऱ्यात धातूची खूण ठेवतो ना, तिच्याकडेही ते बघत होतं. हे पकडायचं कसं? एका डेटासेटवर ट्रेन करा, दुसऱ्यावर टेस्ट करा. आकडा धाडकन पडला तर कुठेतरी गडबड आहे, आणि खरं सांगायचं तर हा पडलेला आकडाच तुमच्या एसओपीतली सगळ्यात मोलाची गोष्ट आहे.

आता नमुना. अर्ज इंग्लिशमध्येच जाणार, पण विचार मराठीत पक्का झाला की भाषांतर सोपं जातं. यातले आकडे आम्ही मनाने घातलेत, कॉपी करू नका, तुमचे स्वतःचे घाला:

'शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये आमचं टीबी मॉडेल शेनझेनच्या एक्स-रेवर 94 टक्के बरोबर होतं. तेच मॉडेल माँटगोमेरीच्या फोटोंवर चालवलं तर 71 वर आलं. मॉडेल कुठे बघतंय याचे हीटमॅप काढले, तेव्हा बऱ्याच फोटोंत ते फुप्फुसाकडे नाही, कडेच्या काळ्या पट्टीकडे बघत होतं. कडा कापून पुन्हा ट्रेन केल्यावर 79 झालं, त्यापुढे मला जमलं नाही. त्याच सुमारास आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात एका एक्स-रे टेक्निशियनशी बोललो. त्यांनी विचारलं, आधी टीबी होऊन बरा झालेल्या माणसाच्या छातीत डाग राहतो, त्याला तुमचं मॉडेल काय म्हणतं? आमच्या डेटात तशी नोंदच नव्हती. थ्रेशोल्ड कुठे ठेवायचा हे पायथॉनमध्ये ठरत नाही, पुढची टेस्ट किती जणांची करता येईल यावर ठरतं, हे मला तिथे कळलं. ते ठरवायला लागणारं एपिडेमिऑलॉजी मला येत नाही, म्हणून हा कोर्स.'

बघा, यात 'पॅशनेट' हा शब्द कुठेच नाही. आवड आहे हे वाचणाऱ्याला आपोआप कळतं, कारण पोराने दुसरा डेटासेट लावून स्वतःचाच आकडा पाडून घेतलाय. टेक्निशियनचा प्रश्नही खरा आहे, जुन्या डागांमुळे ही मॉडेल्स खरंच फसतात. आणि 'त्यापुढे मला जमलं नाही' हे वाक्य काढून टाकायचा मोह सगळ्यांना होतो, घरचेही म्हणतात कशाला लिहितोस, पण ते गेलं की शेवटच्या वाक्याला आधारच उरत नाही. येत नाही म्हणूनच शिकायला निघालाय ना!

थोडा संदर्भ माहीत असू द्या, पॅराग्राफमध्ये कोंबू नका. 15 वर्षं आणि त्यावरच्यांच्या टीबी स्क्रीनिंगसाठी एक्स-रे वाचणारं सॉफ्टवेअर वापरायला जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्येच शिफारस दिलीये. त्यामुळे 'हे अजून कुणी केलेलं नाही' असं लिहिलंत तर गाडी तिथेच अडकते.

आमची एक चूकही सांगून टाकतो. मागे एका मुलीचा हाच पॅराग्राफ आम्ही इतका घासूनपुसून दिला की इंटरव्ह्यूत तिला विचारलं, थ्रेशोल्ड किती ठेवला होता आणि का, तर तिला सांगताच आलं नाही, कारण ते वाक्य आमचं होतं, तिचं नव्हतं. तेव्हापासून आम्ही पॅराग्राफ लिहून देत नाही. तुम्ही बोलायचं, आम्ही प्रश्न विचारायचे, मग तुम्ही लिहायचं आणि आम्ही फक्त इंग्लिश आणि लांबी बघायची. दीडशे-दोनशे शब्द पुरतात, बाकीच्या एसओपीलाही जागा लागते.

पहिल्या मीटिंगला येताना प्रोजेक्टचा लॅपटॉप आणा, रिपोर्टची बाइंड केलेली कॉपी नको, त्यात सगळं चांगलंच लिहिलेलं असतं. कन्फ्युजन मॅट्रिक्स उघडता आली पाहिजे, आणि डेटा कुठून डाउनलोड केला ती लिंक. ग्रुप प्रोजेक्ट असेल तर तुमच्या हाताने काय झालं ते एका कागदावर लिहून आणा, नुसतं डेटा क्लीनिंग असलं तरी चालेल. चुकीचे ठरलेले पाच-सहा एक्स-रे वेगळ्या फोल्डरमध्ये काढून ठेवा, आपण तिथूनच सुरुवात करू.