केस स्टडी अहवाल (व्यवस्थापन अभ्यासक्रम)

व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्याला एखाद्या संस्थेसमोरचा पेच सांगणारी केस वाचायला देतात आणि तिच्यावर ठरलेल्या साच्यात अहवाल मागतात. या साच्याला सर्रास टेम्प्लेट म्हटले जाते. शिकवण्याची ही केस पद्धत 1908 मध्ये स्थापन झालेल्या हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये 1920 च्या दशकात रुजली आणि तिथून जगभर गेली. टेम्प्लेटचे तपशील संस्थेगणिक बदलतात, पण सांगाडा बहुधा सारखाच असतो: सारांश, समस्येचे विधान, परिस्थितीचे विश्लेषण, पर्याय, निकष, शिफारस, अंमलबजावणीचा आराखडा आणि परिशिष्टे.

टेम्प्लेटमधला क्रम वाचणाऱ्याच्या सोयीचा असतो, लिहिणाऱ्याच्या नव्हे. सारांश पहिल्या पानावर छापला जात असला तरी तो लिहायचा सगळ्यात शेवटी. सुरुवात करावी ती केसच्या मागे जोडलेल्या तक्त्यांपासून. केसमधली पात्रे आपापली मते मांडत असतात आणि त्यांतले एखादे मत समस्येच्या रकान्यात जसेच्या तसे उतरते. अहवाल फसतो तो बहुतेक इथेच.

एक काल्पनिक केस घेऊ. पंप बनवणाऱ्या एका कारखान्याचा माल ग्राहकांना उशिरा पोचतो आहे. व्यवस्थापकाच्या मते कामगार ढिले पडले आहेत. तक्ता मात्र वेगळे सांगतो: सुट्या भागांचा विभाग दिवसाला 120 पंपांचे भाग तयार करतो, जोडणी विभाग 80 पंप जोडतो आणि रंगकामात 110 पंप निघतात. मागणी दिवसाला 95 पंपांची आहे. 300 पंप ग्राहकांना द्यायचे आधीच थकले आहेत.

‘डिलिव्हरी उशिरा होते’ हे लक्षण झाले. समस्येचे विधान असे हवे: ‘जोडणी विभागाची क्षमता मागणीपेक्षा दिवसाला 15 पंपांनी कमी असल्याने थकबाकी वाढत आहे, ती कमीत कमी वेळात कशी संपवावी?’ यात कारण आहे, आकडा आहे आणि निर्णयाचा प्रश्नही आहे. विश्लेषणाच्या रकान्यात अनेक टेम्प्लेट स्वॉट तक्ता, म्हणजे बलस्थाने, उणिवा, संधी आणि धोके यांचे चार चौकोन, मागतात. तो भरावा, पण इथे निर्णय त्या चार चौकोनांवर ठरत नाही.

पर्याय बहुधा किमान तीन मागितलेले असतात. दोन मुद्दाम दुबळे लिहून तिसरा निवडून आणायची युक्ती परीक्षकाला लगेच कळते. या केसमध्ये खरोखर तीन पर्याय आहेत. नवे जोडणी यंत्र यायला 150 कामाचे दिवस लागतील आणि तोवर थकबाकी 2,550 पंपांवर जाईल. जोडणीत दुसरी पाळी सुरू करायची तर आधी 25 दिवसांचे प्रशिक्षण हवे; त्यानंतर विभागाची क्षमता 120 होईल. तिसरा पर्याय म्हणजे दिवसाला 20 पंप लगेच बाहेरून जोडून घेणे.

दुसऱ्या पाळीचा हिशेब जपून करावा लागतो. प्रशिक्षण संपेपर्यंत थकबाकी 675 होते. पुढे 120 मधून 95 वजा करून रोज 25 पंप भरून निघतील असे लिहिणारे पुष्कळ असतात. पण आता अडथळा रंगकामाकडे सरकलेला असतो. तिथून 110 पेक्षा जास्त पंप निघत नाहीत, म्हणजे रोज 15 च भरून निघतात आणि थकबाकी संपायला आणखी 45 दिवस लागतात. एकूण 70 दिवस. बाहेरून जोडून घेतल्यास क्षमता 100 होते, रोज 5 पंप भरून निघतात आणि 60 दिवसांत काम होते.

मग बाहेरची जोडणीच घ्यावी का? हे निकषांवर ठरते, आणि निकष पर्याय तोलण्याआधी लिहिलेले असावेत. उत्तर मनात धरून मागाहून निकष बेतले की त्यांचे वजन हव्या त्या बाजूला झुकते. बाहेरच्या जोडणीत दोषांचे प्रमाण जास्त असल्याचे केसमध्ये म्हटले असेल आणि गुणवत्ता हा निकष असेल, तर दहा दिवसांचा फायदा अपुरा ठरू शकतो. प्रशिक्षणाच्या 25 दिवसांपुरती बाहेरची मदत घेऊन पुढे दुसरी पाळी चालवणे हीही शिफारस होऊ शकते: त्या काळात थकबाकी 175 वर येते आणि त्यानंतर 12 दिवसांत संपते. अशी जोडशिफारस करायची तर ती पर्यायांच्या रकान्यातही आधी दिसली पाहिजे. शिफारशीत अचानक उगवलेला पर्याय धरला जात नाही.

केसमध्ये नसलेली माहिती गृहीत धरली असेल तर तसे स्पष्ट लिहावे. खऱ्या कंपनीवरची केस असल्यास पुढे त्या कंपनीने काय केले हे शोधून शिफारशीत घालू नये, कारण निर्णय घेणाऱ्याला त्या दिवशी ते ठाऊक नव्हते.

अंमलबजावणीच्या रकान्यात ‘योग्य ती पावले उचलावीत’ हे वाक्य हमखास सापडते. तिथे कोण, काय आणि कधीपर्यंत हे हवे: प्रशिक्षणाची जबाबदारी उत्पादन प्रमुखाकडे, मुदत 25 दिवस, त्यानंतर जोडणीचे रोजचे उत्पादन 95 च्या खाली राहिले तर बाहेरची मदत चालू ठेवायची. आकडेमोड परिशिष्टात जाते आणि मजकुरात तिचा क्रमांक देतात. टेम्प्लेटमधली शीर्षके बदलू नयेत आणि कंसातल्या सूचना पुसून टाकाव्यात. ‘येथे समस्या लिहा’ ही ओळ तशीच राहिलेले अहवाल दर सत्रात जमा होतात.