पंचमातला राहू आणि मागच्या जन्मीचा शाप

कापूस घरात आला की आमच्या दारव्ह्याकडच्या गावांत सोयरिकीची बोलणी सुरू होतात. यंदा शेजारच्या पोरीचं जमत आलेलं मोडलं. पाव्हण्यांच्या माणसानं निरोप आणला, "पोरीच्या पत्रिकेत सर्पशाप हाय म्हन्ते. मागच्या जन्मी नाग मारला." पोरगी 21 वर्षांची. तिच्या मायनं पत्रिका माझ्याकडं आणून दिली, आणि हा शाप आला कुठून ते मी मुळापासून शोधत गेलो.

राहू पहिल्यांदा ग्रहणातून आला. ऋग्वेदाच्या पाचव्या मंडलात स्वर्भानू नावाचा असुर सूर्याला अंधारानं झाकतो आणि अत्री ऋषी त्याला सोडवतात. अमृत पिणाऱ्या राहूचं डोकं उडाल्याची गोष्ट महाभारतातल्या समुद्रमंथनात आहे. आर्यभटानं इसवी सन 499 च्या ग्रंथात ग्रहण म्हणजे सावली हे सांगितलं, आणि पुढच्या शतकात वराहमिहिरानंही राहू सूर्यचंद्राला गिळतो ही समजूत खोडली. त्याच्या बृहत्संहितेत केतू म्हणजे शेंडेनक्षत्र, आणि बृहज्जातकातल्या फलिताचा डोलारा सात ग्रहांवरच उभा आहे. चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला जिथं छेदते ते दोन बिंदू म्हणजे राहू-केतू. कुंडलीत त्यांना ग्रहाचा पूर्ण मान मिळाला तो हळूहळू.

मागच्या जन्माचा धागा बृहत्पाराशर होराशास्त्रात सापडतो. आज छापून मिळते ती प्रत एका काळची नाही, तिच्यात उशिरा भर पडलेली आहे. त्यात पूर्वजन्मीच्या शापांचा वेगळा अध्याय आहे: सर्पशाप, पितृशाप, मातृशाप असे. विषय एकच, संतती का होत नाही. म्हणून सगळं पंचम स्थानावर, म्हणजे संततीच्या घरावर, बघायचं. राहू पंचमात असून मंगळाची त्याच्यावर दृष्टी असेल, किंवा तो मंगळाच्या राशीत असेल, तर सर्पशाप.

आता या पोरीची पत्रिका. जन्म जुलै 2004 च्या पहिल्या आठवड्यातला, दिवेलागणीचा. सूर्य मिथुनेत मावळत होता, म्हणजे समोर पूर्वेला धनू उगवत होती. ही उगवती रास म्हणजेच पत्रिकेतलं लग्न. लग्न धनू, तिथून पाचवी रास मेष, मेषेत राहू, आणि मेष मंगळाची. दुसरी अट लागू पडली. पाव्हण्यांच्या ज्योतिषानं खोटं सांगितलं नव्हतं, पण तिथंच तो थांबला. मंगळ तेव्हा कर्केत होता. त्याची दृष्टी चौथ्या, सातव्या, आठव्या राशीवर, म्हणजे तूळ, मकर आणि कुंभेवर, मेषेवर नाही. गुरू सिंहेत होता आणि त्याची नववी दृष्टी नेमकी मेषेवर पडते. शुभग्रहाची पूर्ण दृष्टी पापग्रहाचा दोष हलका करते हे परंपरेतलं अगदी पहिलं वाचन. ते केलंच नाही, हे मला लागलं.

आणि आणखी एक. राहू साधारण सप्टेंबर 2003 ते मार्च 2005 मेषेत होता. धनू लग्न रोज जवळपास दोन तास असतं. त्या दीड वर्षात रोज त्या दोन तासांत जन्मलेल्या आपल्या भागातल्या प्रत्येक लेकराच्या पत्रिकेत हेच आहे, बाराव्या हिश्शाएवढ्या पोरापोरींच्या. पोराच्या पत्रिकेत कोणी हे काढल्याचं मी ऐकलं नाही.

"केतू म्हणजे मागच्या जन्मीची कमाई, राहू म्हणजे या जन्मीची राहिलेली हाव" हे जे आता मोबाइलवर ऐकू येतं, ते या अध्यायात नाही. केतूला मोक्षाशी जोडणं आपल्याकडं जुनंच आहे, पण दोघांची अशी जोडीनं मांडणी फार पसरली ती मार्टिन शुलमन या अमेरिकन ज्योतिषाच्या 1975 च्या पुस्तकानंतर. तिथं शाप नाही, जिवाची वाटचाल आहे. आमच्याकडं दोन्ही एकत्र कालवून सांगतात: शाप पराशराचा, गोष्ट नव्या पुस्तकातली. नाग मारल्याचा प्रसंग पत्रिकेत कुठंच दिसत नाही, तो सांगणारा जोडतो.

उपायाचंही तसंच. त्या अध्यायात सोन्याची नागमूर्ती आपल्या घरच्या गृह्यविधीनं स्थापायची, पूजा करायची आणि गाय, जमीन, तीळ, सोनं ऐपतीप्रमाणे द्यायचं, एवढंच आहे. क्षेत्राचं नाव नाही. तरी मायला त्र्यंबकेश्वरच्या नारायण नागबळीचाच खर्च सांगितला गेला. ती दर नागपंचमीला पचमढीच्या नागद्वारला चालत जाते. मी तिला गुरूची दृष्टी बोट ठेवून दाखवली, आणि हाच राहू 2022 च्या एप्रिलपासून दीड वर्ष पुन्हा मेषेत होता हेही सांगितलं. तिची नात त्यातलीच, सकाळी जन्मलेली. लग्न कोणतं, ते आज संध्याकाळी काढून देणार आहे.