उसणीची गोळी आणि पेंगेचा इशारा : पार्श्वभूमी

कंबरेत उसण भरली किंवा मान आखडली की हाती पडणाऱ्या गोळीत बहुधा तीन औषधं असतात: वेदनाशामक अॅसिक्लोफेनॅक १०० मिलिग्रॅम, पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम आणि एक स्नायू सैल करणारं औषध, म्हणजे क्लोरझोक्साझोन, टिझॅनिडिन किंवा थायोकोल्चिकोसाइड. पेंग येते ती या तिसऱ्यामुळे.

या औषधांचा वंश १९४० च्या दशकातल्या ब्रिटनपर्यंत जातो. पेनिसिलिन टिकवणारं रसायन शोधताना एका संशोधकाला दिसलं की काही द्रव्यं टोचलेले उंदीर शुद्धीवर राहूनही ढिले पडतात. त्यातून मेफेनेसिन आलं, मग अमेरिकेत १९५० च्या दशकाअखेरीस क्लोरझोक्साझोन आणि कॅरिसोप्रोडॉल. यांतलं कुठलंही थेट स्नायूवर काम करत नाही. परिणाम होतो तो मज्जारज्जू आणि मेंदूवर. क्लोरझोक्साझोनच्या अमेरिकी माहितीपत्रकात तर लिहिलेलंच आहे की त्याचा गुण कदाचित त्याच्या गुंगी आणण्यातूनच येत असावा. त्यामुळे झोपेला निव्वळ दुष्परिणाम म्हणणं जरा सोयीचंच आहे.

भारतात या गोळ्यांवरच्या छपाईला वळण मिळालं २०११ मध्ये. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या मिश्रणांत एका गोळीत ३२५ मिलिग्रॅमहून जास्त पॅरासिटामॉल नको, असं ठरलं. पूर्वी ५०० सर्रास असायचं. सोबत यकृताच्या धोक्याचा इशाराही आला. तो आज स्ट्रिपवर ठळक दिसतो. पेंगेचा इशारा असलाच तर बारीक अक्षरात.

खरा वाद पेटला तो मार्च २०१६ मध्ये. केंद्राने एका फटक्यात ३४४ मिश्रणांवर बंदी घातली. यादीत अॅसिक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल आणि आम्लपित्ताचं रॅबेप्रॅझोल अशी एक गोळी होती. डायक्लोफेनॅक, अफूच्या जातीचं वेदनाशामक ट्रॅमाडॉल आणि क्लोरझोक्साझोन अशीही एक होती. या दुसऱ्या गोळीत ट्रॅमाडॉलची गुंगी आणि क्लोरझोक्साझोनची गुंगी एकावर एक चढते. कंपन्या न्यायालयात गेल्या. डिसेंबर २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली, कारण कायद्याने नेमलेल्या तांत्रिक मंडळाला विचारलंच नव्हतं. वर्षभराने सर्वोच्च न्यायालय म्हणालं, असं विचारणं बंधनकारक नाही. तरीही फेरतपासणी त्या मंडळाकडेच सोपवली. १९८८ पूर्वीपासून बनत असल्याचा दावा असलेली पंधरा मिश्रणं त्यातून वगळली. सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर पुन्हा बंदी आली. मुळात राज्यांच्या परवान्यावर, केंद्राची मंजुरी न घेता अनेक मिश्रणं बाजारात आली होती, आणि त्याचा हिशेब इतक्या उशिरा मागितला गेला. वय जास्त म्हणून सूट देण्यामागे औषधशास्त्राचं कारण मला तरी दिसत नाही.

या सगळ्या भांडणात मुद्दा राहिला तो मिश्रणाला उपचाराच्या दृष्टीने आधार आहे का, हा. गोळी कोणत्या वेळी घ्यायची, हा प्रश्न मागेच पडला. अॅसिक्लोफेनॅक दिवसातून दोनदा पुरतं. एकटं क्लोरझोक्साझोन तीन-चारदा द्यावं लागतं, कारण ते शरीरातून लवकर जातं. दोन्ही एका गोळीत बांधली की सकाळची वेदनाशामक घेणाऱ्याला गुंगीचं औषधही सकाळीच घ्यावं लागतं. समजा, एखाद्या रिक्षाचालकाने नाश्त्यानंतर आठला गोळी घेतली. पुढच्या एक-दोन तासांत, म्हणजे नेमकी शाळा-ऑफिसच्या गर्दीत, त्याला जांभया येतील, सिग्नलला डोळे जड होतील. त्यात सर्दी म्हणून सेटिरिझिन आणि पॅरासिटामॉलची गोळी घेतली, तर पेंगही वाढते आणि पॅरासिटामॉलही दुप्पट होतं. वेगवेगळी औषधं असती तर डॉक्टरांना स्नायूचं औषध फक्त रात्रीला ठेवता आलं असतं.

टिझॅनिडिनचं गणित आणखी बिकट आहे. जुलाबासाठी किंवा लघवीच्या संसर्गासाठी सिप्रोफ्लॉक्सासिन चालू असेल, तर रक्तातलं टिझॅनिडिन सुमारे दहापट चढतं. रक्तदाब घसरतो, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, उभं राहवत नाही. म्हणून ही जोडी निषिद्ध आहे. थायोकोल्चिकोसाइड कळलावीच्या बियांतल्या द्रव्यापासून बनतं. त्याची गुंगी तुलनेने कमी, पण पेशींतल्या गुणसूत्रांवरच्या परिणामाच्या शंकेवरून युरोपात २०१३ मध्ये तोंडावाटे घ्यायची मुदत सात दिवसांवर आणली.

ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी १५६ मिश्रणं बंद झाली. त्यात अॅसिक्लोफेनॅक ५० आणि पॅरासिटामॉल १२५ मिलिग्रॅमची गोळी होती. २०२५ च्या फेब्रुवारीत टॅपेंटाडॉल हे तसंच अफूच्या जातीचं वेदनाशामक आणि कॅरिसोप्रोडॉल यांच्या मिश्रणाचं उत्पादन आणि निर्यात थांबवली गेली. महाराष्ट्रात बनलेल्या या गोळ्या पश्चिम आफ्रिकेत नशेसाठी विकल्या जात होत्या. उसणीची साधी तिहेरी गोळी मात्र अजून विकली जाते. मेडिकलवाला चार गोळ्या कापून देतो, आणि इशाऱ्याची ओळ बरेचदा उरलेल्या तुकड्यावर राहते.