शब्दांविना सुरक्षा फिल्म (लॉकआउटच्या उदाहरणासह)

कामाच्या जागी धोका कसा टाळायचा हे बोलणं, सबटायटल, लिहिलेली सूचना यातलं काहीही न वापरता फक्त चिन्हं, हालचाल आणि आवाजाच्या इफेक्टवर सांगणारी छोटी अॅनिमेशन फिल्म. साधारण मिनिटभराची असते. युरोपातल्या सुरक्षा संस्था मिळून चालवतात ती ‘नापो’ मालिका यातलं सगळ्यात माहितीतलं उदाहरण, त्यातला कामगार एक शब्दही बोलत नाही, नुसता हूं-हां करतो, म्हणून तीच फिल्म सगळ्या देशांत चालते. आपल्याकडे गरज त्याहून जास्तच आहे, चाकण किंवा भोसरीच्या एखाद्या लाइनवर मराठी, भोजपुरी, ओडिया, बंगाली बोलणारी माणसं शेजारी-शेजारी उभी असतात आणि ठेकेदाराचा माणूस दर दोन महिन्यांनी बदलतो, मग मराठीतला बोर्ड वाचणार कोण.

सगळ्यात अवघड विषय लॉकआउटचा, म्हणजे दुरुस्ती चालू असताना मशीन कोणी सुरू करू नये म्हणून वीज तोडून कुलूप लावण्याचा, म्हणून तोच घेऊ. कन्व्हेअर जाम झाला, फिटरने आत हात घातला आणि पलीकडच्याने काही माहीत नसताना स्टार्ट दाबलं, हा तो अपघात. उपाय असा: मशीन बंद करायचं, मेन आयसोलेटर म्हणजे मशीनची वीज तोडणारा मुख्य स्विच पाडायचा, त्यावर स्वतःचं कुलूप लावून चावी स्वतःच्या खिशात ठेवायची, सिलिंडरमध्ये दाबाखाली साठलेली हवा सोडायची, स्टार्ट दाबून खरंच बंद आहे ना ते बघायचं आणि मगच हात घालायचा. अमेरिकेत याचा वेगळा नियमच आहे, १९१०.१४७ नावाचा. कागदावर सोपं वाटतं, पण यात ‘आधी’, ‘नंतर’, ‘फक्त मीच’, ‘चालू नाहीये’ असे अर्थ भरलेत आणि चित्राला ‘नाही’ म्हणता येत नाही, खरी अडचण तिथेच आहे.

पहिली गोष्ट म्हणजे वीज दिसत नाही. म्हणून पॅनलपासून मोटरपर्यंत एक केशरी रेघ काढायची आणि तीत ठिपके पळते ठेवायचे. आयसोलेटर खाली आला की रेघ तिथे तुटते, पुढचा भाग राखाडी होतो आणि त्याच क्षणी मोटरचा आवाज घसरत घसरत थांबतो. हा घसरणारा सूर महत्त्वाचा आहे, एकदम आवाज कापला तर बघणाऱ्याला वाटतं फिल्म अडकली. सिलिंडरमध्ये हवा उरलीये हे दाखवायला त्याच रंगाचे ठिपके आत दाटीने थरथरताना दाखवायचे आणि व्हॉल्व उघडला की ‘फुस्स’ होऊन ते विरतात, सिलिंडरचा दांडा हळूच खाली बसतो. हा फुस्स आवाज प्रेसवर किंवा न्यूमॅटिक लाइनवर काम केलेल्या माणसाला शिकवावा लागत नाही, त्यामुळे इथे आवाज नुसता मसाला नाही, तो खरी माहिती देतो.

आता सगळ्यात जास्त फसतो तो स्टार्ट दाबून बघायचा टप्पा. कुलूप लावल्यावर माणूस हिरवं बटण दाबतो असं नुसतं दाखवलं तर बरेच जण सरळ सांगतात, ‘त्याने मशीन चालू केलं’. म्हणजे फिल्म नेमकं उलटं शिकवून मोकळी! यावर उतारा असा की बटण दाबायच्या आधी माणूस दोन्ही पाय मागे घेऊन बेल्टपासून लांब उभा राहताना दिसला पाहिजे, मग बोट बटणावर, पॅनलकडून एक ठिपका निघतो आणि कुलपाशी आपटून विझतो, बटणाचा दिवा लागत नाही, बेल्ट हलत नाही आणि दीडेक सेकंद पूर्ण शांतता. परत एकदा दाबतो, परत काही नाही. मग मशीनचा कंट्रोल पुन्हा बंदवर नेतो आणि मगच हात आत. दोनदा दाबणं मुद्दाम आहे, एकदा दाबलं की ते काम वाटतं, दोनदा दाबलं की तपासणं वाटतं. शांततेचा उपयोग तेवढ्या एकाच ठिकाणी करायचा, नाहीतर तिचं वजन जातं.

‘फक्त मीच’ कसं दाखवायचं? प्रत्येक माणसाला एक रंग द्यायचा, कुलूप त्याच रंगाचं आणि टॅगवर त्याचा चेहरा. चावी खिशात जाते तेव्हा कॅमेरा खिशापर्यंत न्यायचा. दुसरा फिटर आला की आयसोलेटरवर हास्प लागतो, म्हणजे एकाहून जास्त कुलुपं अडकवता येतील अशी कडी, आणि त्यात दोन रंगांची दोन कुलुपं, पहिल्याने आपलं काढलं तरी हास्प उघडत नाही. हे एवढं एक दृश्य नीट जमलं की पानभर सूचनांची गरज उरत नाही.

चुकीची कृती किती दाखवायची हा वादाचा मुद्दा आहे. माझ्या मते ती आधी आणि छोटी असावी: कुलूप नाही, हात आत, दुसऱ्याचं बोट बटणाकडे, बेल्ट सुटतो तिथे फ्रेम गोठवायची. रक्त दाखवायची गरज नाही, लोक मान वळवतात आणि पुढचं बघतच नाहीत. मग सगळं भरभर मागे फिरवायचं आणि बरोबर पद्धत सावकाश, पूर्ण. उलट क्रमाने दाखवलं तर शेवटचं डोक्यात राहतं, म्हणजे चुकीचंच. लाल काट मारताना ती हातावरून जाऊ द्यायची नाही, नाहीतर काय करू नको तेच झाकलं जातं. बरोबरची खूणही सगळीकडे बरोबरची नाही, जपानमध्ये आणि स्वीडनमध्ये ती चुकीच्या उत्तरावर मारतात, त्यामुळे फिल्म बाहेर पाठवायची असेल तर परिणाम दाखवणं जास्त भरवशाचं. शिवाय लाल-हिरव्यातला फरक न दिसणारे पुरुष बरेच असतात, म्हणून रंगासोबत आकार हवाच.

चिन्हांचंही तेच. आयएसओ ७०१० या सुरक्षा चिन्हांच्या आंतरराष्ट्रीय मानकात पिवळा त्रिकोण म्हणजे धोका, निळं वर्तुळ म्हणजे हे कराच, लाल वर्तुळावर तिरकी रेघ म्हणजे मनाई. पण नवीन माणसाला हे कोणी सांगितलेलं नसतं, त्रिकोण त्याच्यासाठी नुसता त्रिकोण. म्हणून चिन्ह आधी टाकायचंच नाही. आधी आयसोलेटर खाली ओढला जातो ती हालचाल दाखवायची, मग ती आक्रसत जाऊन निळ्या वर्तुळातलं एम०२१ बनते, दुरुस्तीआधी वीज तोडा हे ते चिन्ह, आणि शेवटी कॅमेरा मागे येतो तेव्हा तेच चिन्ह पॅनलच्या दारावर चिकटवलेलं दिसतं. उद्या शॉपवर ते दिसलं की हालचाल आठवते.

आवाजाची एक मर्यादा बनवणारे हमखास विसरतात. फिल्म बनते हेडफोन लावून आणि चालते शॉपच्या टीव्हीवर नाहीतर मोबाइलवर. मोबाइलच्या स्पीकरमधून मोटरची खालची घरघर जवळपास येतच नाही, म्हणून तिच्यात वरचा किरकिरा थर मिसळावा लागतो. आणि शॉपमध्ये ८५-९० डेसिबलचा गोंगाट असेल तर कुलपाची ‘खट्’ ऐकू येणारच नाही, त्यामुळे प्रत्येक खट् सोबत चित्रातही एक झटका हवा. साधी तपासणी: आवाज बंद करून फिल्म दाखवा, कुठलाच टप्पा हरवता कामा नये.

खरी चाचणी मात्र माणसांवरच. ज्यांनी लॉकआउट कधी केलेलं नाही असे वीसेक कामगार घ्यायचे, एकेकट्याला दाखवायची आणि ‘काय झालं? तू काय करशील?’ एवढंच विचारायचं. ‘समजलं का?’ विचारलं की सगळे हो म्हणतात. पर्यायही द्यायचे नाहीत. चिन्हांसाठी अमेरिकन मानकाचा निकष ८५ टक्के बरोबर आणि उलटा, घातक अर्थ लावणारे जास्तीत जास्त ५ टक्के असा आहे, तोच इथे उसना घेता येतो, म्हणजे वीसपैकी सतरा बरोबर आणि घातक उत्तर एकच चालेल. अठरा बरोबर आणि दोघं म्हणाले ‘त्याने मशीन चालू केलं’, तरी फिल्म नापास, स्टार्टचा टप्पा परत करायचा.

काही गोष्टी या माध्यमात बसतच नाहीत. शिफ्ट संपली, फिटर घरी गेला आणि कुलूप तसंच राहिलं तर ते कोणी, कोणाला विचारून तोडायचं, हे अपवादाचं प्रकरण चित्रात घालायला गेलं की कुलूप तोडता येतं एवढंच लोकांच्या लक्षात राहतं. ते फिल्मच्या बाहेर ठेवायचं, सुपरवायझरने प्रत्येक कामगाराला त्याच्या भाषेत तोंडी सांगायचं.